सातशे चव्वेचाळीस खोकी आणि एक नकाशा

सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एखाद्या कारखान्यापुढे ट्रेलर येऊन लागतो. त्यावर चाळीस फुटी, जास्त उंचीचा कंटेनर असतो, ज्याला धंद्यात ‘हाय क्यूब’ म्हणतात. गोदामात खोकी रचून तयार असतात. सुपरवायझरच्या हातात दोन कागद असतात. एक पॅकिंग लिस्ट, म्हणजे कोणत्या नंबरच्या खोक्यात काय आणि किती आहे याची यादी. दुसरा लोड प्लॅन, म्हणजे ती खोकी कंटेनरमध्ये कुठे आणि कशी बसवायची याचा नकाशा. माल काय आहे हे पहिला कागद सांगतो आणि तो कुठे आहे हे दुसरा. दरवाजाला सील लागण्याआधी हे दोन्ही कागद आणि आतला माल एकमेकांशी जुळले पाहिजेत. एकदा सील लागलं की पुढची पाहणी बहुधा परदेशातल्या गोदामातच होते आणि तिथे एक खोकं कमी भरलं, तर ते कुठे राहिलं हे शोधायला इथलं कुणी हजर नसतं.

एक नेहमीसारखी ऑर्डर घेऊन हे सगळं प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहू. युरोपातल्या एका खरेदीदारासाठी तीन प्रकारचा माल आहे. पांढरे अंघोळीचे टॉवेल १ ते ३१२ नंबरच्या खोक्यांत, राखाडी टॉवेल ३१३ ते ५५२ मध्ये आणि हात पुसायचे छोटे टॉवेल ५५३ ते ७४४ मध्ये. मोठ्या टॉवेलच्या प्रत्येक खोक्यात ३० नग, छोट्यांच्या खोक्यात १००. सगळी खोकी एकाच मापाची आहेत: लांबी ५७ सेंटिमीटर, रुंदी ३८ आणि उंची ४२.

यादी वाचताना पहिली चूक इथेच होते. ३१३ ते ५५२ म्हणजे किती खोकी? बरेच जण ५५२ मधून ३१३ वजा करतात आणि २३९ म्हणतात. पण ३१३ नंबरचं खोकंसुद्धा मोजायचं असतं, म्हणून वजाबाकीत एक मिळवावा लागतो आणि उत्तर २४० येतं. यादीतल्या प्रत्येक ओळीचा हा हिशेब माल भरण्याच्या आदल्या दिवशी टेबलावर बसून करून घ्यावा. पांढरी ३१२, राखाडी २४० आणि छोटी १९२ मिळून ७४४ व्हायला हवीत. हाच आकडा इन्व्हॉइसवर आणि कस्टम्सच्या शिपिंग बिलावर असायला हवा. कागद आपसातच जुळत नसतील, तर माल कशाशी जुळवणार?

आता नकाशा. लोड प्लॅनमध्ये साधारणपणे कंटेनर वरून आणि बाजूने पाहिल्यासारखं चित्र असतं. वरच्या चित्रात एका टोकाला बंद भिंत आणि दुसऱ्या टोकाला दरवाजा. हातात कागद आला की आधी दरवाजा कुठल्या बाजूला काढलाय हे शोधायचं, कारण रांगा बंद भिंतीकडून मोजतात. पहिली रांग आत, शेवटची दरवाजाशी. कुणी नकाशा उलटा वाचला, तर खोकी सगळीच्या सगळी आत जातात, मोजणी बरोबर येते आणि तरीही भरणी चुकलेली असते. आपल्या खरेदीदाराला छोटे टॉवेल आधी उतरवायचे आहेत, म्हणून ते दरवाजाजवळ हवेत. शेवटी चढेल ते पहिलं उतरेल. उलट्या भरणीत तिकडच्या माणसांना छोट्या टॉवेलपर्यंत पोचायला पाचशेच्या वर खोकी बाहेर काढावी लागतील.

चाळीस फुटी हाय क्यूब आतून साधारण १२.०३ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.६९ मीटर उंच असतो. आपल्या खोक्याची ५७ सेंटिमीटरची बाजू कंटेनरच्या रुंदीत ठेवली, तर चार खोकी शेजारी शेजारी बसतात. त्यांची बेरीज २२८ सेंटिमीटर, सात सेंटिमीटर मोकळे. उंचीत सहा थर बसतात, २५२ सेंटिमीटर. म्हणजे एका रांगेत २४ खोकी. प्रत्येक रांग लांबीतले ३८ सेंटिमीटर खाते. ७४४ खोक्यांच्या अशा ३१ रांगा होतात आणि त्यांना ११.७८ मीटर लागतात. दरवाजाशी पंचवीस सेंटिमीटर जागा उरते. कॉम्प्युटरवर प्लॅन अगदी नीट बसला. वजनाची तर चिंताच नाही. सगळा माल बारा टनांच्याही आत आहे आणि असा कंटेनर त्याच्या दुपटीहून जास्त पेलतो. टॉवेलच्या भरणीत जागा आधी संपते, वजनाची मर्यादा दूरच राहते.

पण टॉवेल हा मऊ माल आहे. खोक्यात तीस टॉवेल दाबून भरले की ते बाहेर रेटा देतात आणि खोक्याच्या मोठ्या बाजू फुगतात. ५७ बाय ४२ ची सपाट बाजू सगळ्यात जास्त फुगते, त्यामुळे ३८ चं माप वाढतं. रिकाम्या खोक्याचं माप ३८ असलं तरी भरलेल्याचं ३९ निघू शकतं. एका सेंटिमीटरने काय होतंय, असं वाटेल. एकतीस रांगांमध्ये त्याचे एकतीस सेंटिमीटर होतात. ११.७८ चे १२.०९ झाले आणि कंटेनर आहे १२.०३ चा. शेवटची रांग बसणार नाही. चोवीस खोकी गोदामात, ट्रेलर उभा आणि बोटीसाठी बंदरात कंटेनर पोचवायची वेळ ठरलेली.

हे दरवाजाशी पोचल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो. म्हणून जाणता सुपरवायझर दहा रांगा लागल्या की टेप काढतो. बंद भिंतीपासून दहाव्या रांगेच्या तोंडापर्यंत प्लॅनप्रमाणे ३.८० मीटर भरायला हवेत. टेप ३.९० दाखवत असेल, तर प्रत्येक रांग एक सेंटिमीटर जास्त खाते आहे आणि शेवटची बसणार नाही हे तिथेच, २४० खोकी भरल्यावर कळतं. अजून ५०४ खोकी बाहेर आहेत, म्हणजे बदल करायला वाव आहे. ही टेप लावायला दोन मिनिटं लागतात आणि माझ्या मते अख्ख्या भरणीतली ती सगळ्यात मोलाची दोन मिनिटं आहेत.

उपाय खोकं फिरवण्यात आहे. आता ३८ ची बाजू रुंदीत ठेवायची आणि ५७ ची लांबीत. सहा खोकी शेजारी शेजारी येतात, म्हणजे पुन्हा २२८ सेंटिमीटर. कागदावर फायदा शून्य दिसतो. पण आता फुगवटा रुंदीच्या दिशेने जातो आणि रुंदीत सात सेंटिमीटर रिकामेच पडले होते. सहा खोकी एकेक सेंटिमीटर फुगली तरी २३४ होतात आणि २३५ मध्ये मावतात. सहावं खोकं जरा दाबून बसवावं लागतं, पण मऊ माल तेवढं सहन करतो. एका रांगेत सहा गुणिले सहा, ३६ खोकी. उरलेली ५०४ खोकी बरोबर चौदा रांगांत बसतात. चौदा वेळा ५७ म्हणजे ७.९८ मीटर, आधीचे ३.९० धरून ११.८८. दरवाजाशी पंधरा सेंटिमीटर उरले आणि सगळा माल आत. अर्थात खोकी लांबीतही फुगली, तर ही जागा झपाट्याने आटते. म्हणून फिरवलेल्या दोन-तीन रांगा लागल्या की पुन्हा टेप लावून बघावी. पहिल्या दहा रांगांसारखंच इथेही मोजणं आपलं काम आहे, अंदाज नव्हे.

इथे एक धोका आहे. भरणी बदलली, पण कागदावरचा नकाशा जुनाच राहिला, तर तो कागद आता खोटं सांगतो. जुन्या प्लॅनमध्ये पांढरा माल तेराव्या रांगेत संपत होता, राखाडी तेविसाव्यात. आता अकरावी आणि बारावी रांग पांढऱ्याची, तेरा ते अठरा राखाडीची. एकोणिसावी रांग मिश्र झाली. तिच्यात राखाडीच्या चार उभ्या चळती आणि छोट्या टॉवेलच्या दोन, म्हणजे ५२९ ते ५५२ आणि ५५३ ते ५६४. मग वीस ते चोवीस या पाच रांगा छोट्या टॉवेलच्या. एकूण रांगा एकतीसच्या चोवीस झाल्या. हे सगळं तिथेच पेनाने नकाशावर लिहायचं, जुनं खोडायचं आणि सही करायची. ऑफिसमध्ये गेल्यावर नीट करू म्हणून ठेवलेला बदल बहुतेक वेळा राहून जातो.

खोकं फिरवलं की आणखी एक गोष्ट बदलते. आधी दरवाजाकडे लांब बाजू होती, आता आखूड बाजू आहे. खोक्याचा नंबर, रंग, नग आणि वजन फक्त लांब बाजूवर छापलेलं असेल, तर फिरवलेल्या रांगेत समोर कोरा पुठ्ठा दिसेल आणि तपासणी तिथेच थांबेल. म्हणून नंबर दोन्ही बाजूंवर हवा. पॅकिंगच्या वेळी एक जास्तीचा स्टिकर लावायचा खर्च काहीच नाही, पण तो न लावल्याचं दुःख स्टफिंगच्या वेळी कळतं.

आता तपासणीकडे. बऱ्याच ठिकाणी टॅली शीटवर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी मोजणी चालते. खोकं आत गेलं की रेघ. यातून आकडा बरोबर येतो, पण आकडा बरोबर असणं आणि यादी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातशे चव्वेचाळीस रेघा झाल्या म्हणजे सातशे चव्वेचाळीस खोकी आत गेली, एवढंच सिद्ध होतं. त्यात ३१२ पांढरी होती का, हे रेघा सांगत नाहीत. पांढऱ्याच्या ढिगात राखाडीचं एक खोकं मिसळलं आणि पांढऱ्याचं एक मागे राहून पुढे राखाडीबरोबर चढलं, तरी रेघा तेवढ्याच. म्हणून नंबरांचा तक्ता हवा. एक ते सातशे चव्वेचाळीस छापलेले असतात आणि खोकं समोरून गेलं की त्याचाच नंबर खोडायचा. एका रांगेच्या आत नंबर मागेपुढे झाले तर चालतं. पण रांग पूर्ण झाली की तिच्या पट्ट्यातला एकही नंबर न खोडलेला राहता कामा नये आणि एकही दोनदा खोडलेला असता कामा नये.

याला दोन माणसं लागतात. एक कंटेनरच्या तोंडाशी, खोक्यावरचा नंबर वाचणारा. दुसरा तक्ता धरून खोडणारा. नंबर सुटे आकडे करून हाकारायचे. दोनशे एकोणनव्वद आणि दोनशे अठ्ठ्याण्णव हे गोंगाटात सहज गडबडतात. ‘दोन, आठ, नऊ’ म्हटलं की गडबड कमी होते. आणि रांग लागली की हमालांनी थांबायचं. यालाच सगळ्यात जास्त विरोध होतो, कारण माल उचलणाऱ्यांच्या कामाला एक लय असते आणि ती मोडली की अंग जड होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण प्रत्येक रांगेनंतरचा हा एक मिनिट वाचवला, तर पुढे तीन तास माल उतरवायची पाळी येऊ शकते.

आपल्या उदाहरणात बारावी रांग लागली. छत्तीस खोकी, मोजणी बरोबर. पण तक्त्यावर २८९ दोनदा खोडलेला आणि २९८ मोकळा.

“अण्णा, जरा थांबा, २९८ आलाच नाही,” तक्तेवाला म्हणतो.

“छत्तीस लावलेत की, मोजून घ्या,” आतून उत्तर येतं.

“छत्तीस आहेत, खरं. पण २८९ दोन आहेत. समोरचं बघा बरं.”

रांगेचं तोंड अजून उघडं आहे म्हणून बघता येतं. तीन शक्यता असतात. पहिली, नंबर वाचण्यात किंवा ऐकण्यात चूक झाली. समोरच्या खोक्यांवर एकीवर २८९ आणि दुसऱ्यावर २९८ असेल, तर तक्ता दुरुस्त केला की झालं. दुसरी, स्टिकर दोनदा छापला गेला आणि २९८ चा छापलाच नाही. तिसरी सगळ्यात त्रासाची. खरं २९८ गोदामात कुठेतरी आहे आणि इथे भलतंच खोकं घुसलं आहे.

समोर खरोखरच २८९ चे दोन स्टिकर दिसले, म्हणजे पहिली शक्यता गेली. राहिल्या दोन. त्यातली कोणती, हे दोन गोष्टींनी कळतं. आधी गोदामात पाहायचं, पांढऱ्या मालाच्या जागेवर काही उरलंय का. उरलेलं नसेल, तर संशय स्टिकरवर जातो. मग ती दोन्ही खोकी खाली घ्यायची, काट्यावर ठेवायची आणि एकेकाची फडी उघडून आत पाहायचं. आत पांढरेच टॉवेल आणि तीसच नग असतील, तर दुसऱ्या खोक्यावर २९८ चा नवा स्टिकर लावायचा, टेप मारायची आणि टॅलीवर घडलेलं एका ओळीत लिहायचं. ही ओळ महत्त्वाची आहे. तिकडे कुणाला पुन्हा चिकटवलेली टेप दिसली आणि खोकं फोडल्याचा संशय आला, तर आपल्याकडे लिहिलेलं उत्तर असतं.

काट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात. अंघोळीचा टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटरचा आणि चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा असेल, तर एकाचं वजन ४९० ग्रॅम भरतं. तीस टॉवेलचे १४.७ किलो, खोकं आणि पिशव्या धरून सोळा किलो. एक टॉवेल कमी असेल तर काटा साडेपंधरा दाखवेल. ऐकायला सोपं वाटतं. पण सूत हवेतला ओलावा शोषून घेतं आणि कोरड्या हवेत सोडतं. पावसाळ्यात भरलेलं खोकं आणि एप्रिलच्या सोलापुरात भरलेलं खोकं यांत नुसत्या ओलाव्याने दोन टक्के फरक पडला, तरी तो तीनशे ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणून खोक्याचं वजन कागदावरच्या सोळा किलोशी ताडून पाहण्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच टेबलावर भरलेल्या शेजारच्या पाच-सहा खोक्यांशी ताडावं. त्यांच्यापेक्षा अर्धा किलो वेगळं निघालं, तर ते उघडावं.

मोठ्या काट्याची मर्यादा तर आणखी मोठी. १ जुलै २०१६ पासून जगभरात नियम आहे की भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो बोटीवर चढत नाही. याला व्हीजीएम म्हणतात. एक तर भरलेला कंटेनर वजन काट्यावर तोलायचा, नाहीतर सगळ्या खोक्यांचं वजन आणि रिकाम्या कंटेनरचं वजन यांची बेरीज द्यायची. हा नियम बोटीच्या सुरक्षिततेसाठी आहे, मालाच्या मोजणीसाठी नाही. आपला कंटेनर मालासकट साडेपंधरा टनांच्या पुढे जातो. ट्रकच्या काट्यावरचा दहा-वीस किलोंचा फेर आणि ट्रेलरच्या टाकीतलं डिझेल यांतच सोळा किलोंचं एक खोकं सहज दडतं. वजन बरोबर आलं म्हणून मोजणी बरोबर आली, असं मानू नये.

आणि हेही ध्यानात ठेवायला हवं की नंबर जुळले म्हणजे आतला माल जुळला असं नाही. नंबरांची तपासणी फक्त इतकंच सांगते की यादीतली सगळी खोकी चढली आणि यादीबाहेरचं एकही चढलं नाही. आत खरोखर तीस टॉवेल आहेत का, रंग बरोबर आहे का, हे पॅकिंगच्या टेबलावर आणि निवडक खोकी फोडून बघणाऱ्या तपासनिसाच्या हाती असतं. ते काम आधी झालेलं असावं लागतं.

शेवटची रांग लागली की फिरून गोदामात जायचं. जागा पूर्ण रिकामी हवी. तक्त्यावर सगळे नंबर खोडलेले आणि जमिनीवर एक खोकं शिल्लक, असं झालं तर यादीच्या बाहेरचं काहीतरी तयार झालं होतं आणि ते काय आहे हे सील लावण्याआधी समजलं पाहिजे. मग दरवाजाशी उरलेल्या पंधरा सेंटिमीटरकडे लक्ष द्यायचं. तिथे आडवे पट्टे किंवा जाळी बांधली नाही, तर घाटात आणि समुद्रात हेलकावे खाऊन पुढची रांग दरवाजावर टेकते. तिकडे दार उघडताना वरचं खोकं थेट माणसाच्या डोक्यावर येऊ शकतं.

उजवं दार बंद करायच्या आधी मालाचा फोटो, मग दोन्ही दारं बंद, मग खिळ्यासारखं बोल्ट सील. सीलचा नंबर आणि कंटेनरचा नंबर नकाशावर लिहायचा. कंटेनरवर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. हा शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे लिहिताना दोन आकडे मागेपुढे झाले, तर बहुतेक वेळा तो जुळत नाही आणि चूक बंदराच्या संगणकावर पकडली जाते. सीलच्या नंबराला असा पहारेकरी नसतो. तो दोघांनी वेगवेगळा वाचून लिहावा.

ट्रेलर न्हावा शेवाकडे निघाला की खाडाखोड केलेल्या नकाशाची स्वच्छ प्रत काढून खरेदीदाराला त्याच दिवशी पाठवायची. चोवीस रांगा, एकोणिसाव्या रांगेत मिश्र माल, २९८ चा स्टिकर नव्याने लावलेला. बोट पोचेपर्यंत त्यांच्या गोदामाने छोट्या टॉवेलसाठी कुठली जागा रिकामी ठेवायची हे ठरवलेलं असतं आणि ते या कागदावरून ठरतं.